अडतीस हजारांपायी

चौतीस वर्षं जमिनीखाली काम केलेल्या माणसाला जमिनीवर धक्का बसला, तोही बँकेतल्या पंख्याखाली, स्टीलच्या खुर्चीवर. टिकाराम म्हणजे चिखल्याच्या मँगनीज खाणीतला जुना गडी. वर छत कडकडलं तरी बिडी विझू न देणारा. पण त्या दिवशी तुमसरच्या शाखेत काचेपलीकडची मुलगी म्हणाली, "काका, तुमचं खातं फ्रीज आहे," आणि ह्या माणसाच्या हातातला फॉर्म खाली पडला. तो उचलायला वाकायचंही त्याला सुचेना.

"फ्रीज म्हंजे?"

"म्हणजे थांबवलंय. पैसे जमा होतील, निघणार नाहीत."

"किती थांबवले?"

"सगळेच."

सगळे म्हणजे एकवीस लाख चौसष्ट हजार. ऑगस्टअखेर टिकाराम निवृत्त झाला, सप्टेंबरात ग्रॅच्युइटी आणि फंडाचे पैसे आले. आता नोव्हेंबर लागला होता. कंपनीचं क्वार्टर तीस तारखेच्या आत खाली करून द्यायचं होतं, म्हणून त्यानं शहापूरला हायवेपासून जरा आत भैय्यालालचं दोन खोल्यांचं घर ठरवलं होतं. पन्नास हजार इसार दिला होता. भैय्यालाल स्वभावानं बरा, पण व्यवहाराचा पक्का. त्यानं साफ सांगितलं होतं, "काका, तीस तारखेले रजिस्ट्री. नाई झाली तं दुसरं गिऱ्हाईक उभं हाये, अन् इसार इसरून जा." टिकारामचा जन्म क्वार्टरातला नसला तरी संसार क्वार्टरातच झाला. स्वतःची म्हणावी अशी भिंत त्याला आयुष्यात पहिल्यांदा मिळणार होती. आणि ही पोरगी म्हणते, सगळेच थांबवले! अरे बाप्पा, काय चोरी केली का त्यानं?

"रेणू मॅडमना भेटा," मुलीनं सांगितलं.

शाखेतलं हे काम रेणू मॅडमकडे होतं. चाळिशीची बाई, केस घट्ट बांधलेले, बोलणं त्याहून घट्ट. तिनं कॉम्प्युटरात पाहिलं, भुवया वर केल्या आणि टिकारामला समोर बसवलं.

"काका, कोणीतरी सायबर फसवणुकीची तक्रार केलीय. दुसऱ्या राज्यात. तक्रार झाली की फसलेल्याचे पैसे ज्या ज्या खात्यातून पुढं गेले, ती खाती पोर्टलवरून थांबवायला लावतात. त्यातले अडतीस हजार तुमच्या खात्यात आलेत. सव्वीस ऑगस्टला."

"मी कोणाले फसवलं?" टिकारामचा आवाज एवढा चढला की रांगेतली माणसं वळून बघायला लागली. "मॅडम, मले फोनमंधी फोटो पाठवता येत नाई धड!"

"तुम्ही फसवलं असं कोणी म्हणत नाही. पैसा तुमच्याकडून गेला, एवढंच म्हणतात."

"मंग काढा ना ते अडतीस हजार! बाकीचे कायले अडवले?"

रेणू मॅडमनं मान हलवली. हे बरोबर होतं, तिलाही पटत होतं, पण तिच्या हातात नव्हतं. हुकूम मुख्य कार्यालयाकडून आला होता. शाखेनं आपल्या मनानं तो उठवला तर तिची नोकरी जाईल. तिनं एका कागदावर छापून दिलं: तक्रारीचा क्रमांक, वादातली रक्कम, पोलीस ठाण्याचं नाव, तपास अधिकाऱ्याचा ईमेल आणि नंबर. मग बोटावर मोजून सांगितलं, दोन अर्ज करा. एक बँकेला, की पूर्ण खातं न अडवता फक्त अडतीस हजार अडवून ठेवा. तो मी वर पाठवते. दुसरा त्या तपास अधिकाऱ्याला, आधार, पॅन, खात्याचा उतारा आणि निवृत्तीचे कागद जोडून. त्यांचं ना-हरकत पत्र आलं की बँक उघडते. नाहीच आलं तर बँकेचा तक्रार निवारण अधिकारी आहे, आणि शेवटी मॅजिस्ट्रेटचं कोर्ट आहे.

"अन् त्यात लिवू काय?"

"हे अडतीस हजार कोणी पाठवले, कशासाठी आले, पुढं कुठं गेले. खरं ते लिहा, बस."

इथं टिकारामनं कागदाची घडी घालून ती खिशात टाकली आणि तो उठला. कारण सव्वीस ऑगस्टचं त्याला आठवलं होतं.

पोळ्याच्या आधीचे दिवस. राधाबाईचा मुलगा चंद्रकुमार मोटरसायकलवर चिखल्याला आला होता. राधाबाई ही टिकारामची मोठी बहीण, तुमसरला राहणारी, विधवा. चंद्रकुमार तिला फार उशिरा झालेला, एकुलता एक. तो अंगणात आला तसा टिकाराम उठला आणि सवयीनं त्याच्या पाया पडला. इकडच्या माणसाला ह्यात काही सांगायला नको, पण पुण्याकडच्यांना नवल वाटेल म्हणून सांगतो. आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. पोरगं पाळण्यात का असेना, भाचा म्हणजे देवाच्या जागी. भाच्याला द्यायचं असतं, भाच्याकडून घ्यायचं नसतं, आणि भाच्यानं काही मागितलं तर "कायले?" असं विचारायचं नसतं. आता तुम्ही म्हणाल, हा काय येडेपणा. असेल. पण टिकारामचा बाप असाच वागला, आणि त्याचाही बाप.

"मामा," चंद्रकुमार म्हणाला होता, "एका पार्टीचे पैसे येऊन राहिले. माझ्या खात्याची लिमिट संपली. तुमच्या खात्यात टाकाले लावतो, मले नगद काढून द्या."

टिकारामनं खाते क्रमांक दिला. पैसे आले तसे एटीएममधून दोन दिवसांत काढले आणि मोजून भाच्याच्या हातात ठेवले. वरून आनंदाबाईनं त्याला डब्यात करंज्या दिल्या. आनंदाबाई म्हणजे टिकारामची बायको, तिचाही भाच्यावर तेवढाच जीव. कोण पार्टी, कशाचे पैसे, कोणी विचारलं नाही.

संध्याकाळी टिकारामनं फोन लावला. चंद्रकुमार दुसऱ्या दिवशी सकाळीच हजर झाला, हे मात्र त्याचं मानलं पाहिजे. तोंड उतरलेलं होतं, पण खिशात टाइप केलेला कागद तयार होता.

"मामा, कायजी नोका करू. एवढ्यावर सही मारा. काम होऊन जाते."

आनंदाबाईनं वाचून दाखवलं. माझी जुनी मोटरसायकल मी एका अनोळखी इसमास अडतीस हजारांस विकली, त्याने रक्कम माझ्या खात्यात भरली, मला फसवणुकीबाबत काही माहिती नाही.

"पण गाडी तं विकली नाई आपन," टिकाराम म्हणाला.

"मामा, कोण पाहून राहिला? तिकडचे पोलीस येणार हायेत का चिखल्याले?"

"पैसे कोणाचे होते, बाबू?"

"मोबाइलवर एका ग्रुपात काम भेटलं होतं, मामा. खात्यात घ्याचे, काढून द्याचे. हजारामागं पन्नास. मले काय माहीत चोरीचे हायेत म्हून. माझं नाव नोका लिवू. आमची माय मरून जाईन."

टिकारामनं ओसरीच्या खांबाला पाठ टेकली. चोरीचा पैसा आपल्या हातून गेला! खाणीत चौतीस वर्षांत लोखंडाचा खिळा घरी आणला नाही त्यानं. पण समोर भाचा होता, आणि भाच्याचं नाव पोलिसांच्या कागदावर आपल्या हातानं लिहायचं म्हणजे त्याला महापाप वाटत होतं. त्यानं सही केली. चुकलंच ते. ह्या माणसाचा मला राग येतो, पण त्या क्षणी त्याला दुसरं सुचणं कठीण होतं.

रेणू मॅडमनं तो कागद वाचला. आधी ती हसली नाही. मग खिडकीतून बाहेर बघितलं.

"काका, आलात कशानं?"

"गाडीनं."

"कोणती गाडी?"

टिकारामनं मोठ्या भोळेपणानं बोट केलं. बँकेच्या दारात, कडुलिंबाखाली त्याची जुनी मोटरसायकल उभी होती. कागदात जो नंबर होता तोच तिच्या पाटीवर होता. टिकारामचं बोट तसंच हवेत राहिलं.

"वा रे वा!" रेणू मॅडमला आता हसू आवरेना, आणि मग एकदम राग आला. "विकलेल्या गाडीवर बसून आलात? आरसी कोणाच्या नावावर झाली? विक्रीचा कागद? विचारतील ना ते! अहो, आत्ता तुम्ही फक्त मधले खातेदार आहात. हे खोटं पाठवलंत तर उद्या आरोपी व्हाल. कोणाला वाचवून राहिले तुम्ही?"

मॅडमनं कागद त्याच्या हातात परत दिला. "हा मी पाहिलाच नाही, असं समजते. खरा अर्ज घेऊन या. आणि लवकर या, तीस तारीख कोणासाठी थांबत नाही."

टिकाराम बँकेतून बाहेर पडला. घरी जायची हिंमत नव्हती. तो सरळ बहिणीच्या घरी गेला. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. बहिणीचं तोंड पाहावं, एक कप चहा घ्यावा, मग बघू, एवढंच डोक्यात होतं. चंद्रकुमार घरी नव्हता. राधाबाई अंगणात लाखोरीची डाळ पाखडत बसली होती.

"येनं टिका. असा कसा काळानिळा झाला रे? तब्येत बरी नाई का?"

"बाई, माझं बँकेचं खातं बंद केलं." त्याला एवढंच बोलायचं होतं.

राधाबाईचं सूप थांबलं. "तुयं बी?"

"म्हंजे?"

"अरे, माझं बी बंद हाये ना, आषाढापासून. निराधारचे पैसे येतेत म्हंते, पन निंगत नाईत. चंदू म्हने बँकेची मशीन बिघडली, मी पाहून घेतो. अन् त्याचं सोताचं तं अक्षय तृतीयेपासूनच बंद हाये." ती पुन्हा पाखडायला लागली. "ह्या बँकाइची मशीन भल्ली बिघडते बापा."

टिकाराम उभा होता तो खाली बसला. अंगणातल्या मातीतच बसला.

अक्षय तृतीया! म्हणजे उन्हाळ्यात पोराचं खातं थांबलं होतं. तेव्हाच त्याला कळलं होतं हा पैसा कसला आहे. मग त्यानं आईचं खातं वापरलं. विधवा आईचं, जिचं मीठमिरची त्या पेन्शनवर चालायचं. तेही थांबलं. आणि मग, सगळं माहीत असून, तो चिखल्याला मामाच्या अंगणात आला. "लिमिट संपली" म्हणाला. पाय पुढं करून उभा राहिला. करंज्या घेऊन गेला. खातं गोठलं ह्याचा धक्का एक वेळ पचला असता, हा पचेना.

"बाई," तो म्हणाला, "मशीन नाई बिघडली."

त्यानं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. ज्याचे पैसे गेले तो कोणी परका माणूस. पोर्टल. हजारामागं पन्नास. गाडीचा खोटा कागद. राधाबाईनं सूप बाजूला ठेवलं. ती रडेल असं त्याला वाटलं होतं. ती रडली नाही.

"चार महिने झाले," ती म्हणाली, "मी सकाळी कोरा चाय पेऊन राहिली. दूध बंद केलं. पोट्ट्याले म्हनत होती, तू कायजी नोको करू बाबू, मशीन होईन दुरुस्त. अन् तो पोट्टा 'हो माय' म्हने."

"बाई, मी नाव नाई लिवू शकत. भाचा हाये. तूच सांग मी काय करू."

"तू नोको लिवू." ती उठली, पायात चपला सरकवल्या, पासबुकाची पिशवी घेतली. "पयले मी लिवतो. मायनं नाव घेतलं तं मामाले पाप लागत नाई. चाल."

दोघं बँकेत आले तेव्हा जेवणाची सुट्टी संपत होती. रेणू मॅडमनं राधाबाईचं खातं उघडून पाहिलं. तक्रार वेगळी, राज्य वेगळं, रक्कम बारा हजार. "मावशी, इतके दिवस आल्या का नाहीत?" ह्यावर राधाबाईनं फक्त पासबुक पुढं सरकवलं. अर्ज मॅडमनं तिच्या सांगण्याप्रमाणे लिहिला आणि वाचून दाखवला: ही रक्कम माझ्या खात्यात माझ्या मुलाने मागवली, काढून मी त्यालाच दिली.

"मुलाचं नाव?"

"चंद्रकुमार," राधाबाई म्हणाली. स्पष्ट म्हणाली. मग सही केली. तिला फक्त सही येते, तिसरीपर्यंतची. ती काढायला तिला एक मिनिट लागलं.

त्यानंतर टिकारामनं आपला अर्ज लिहिला. भाच्याचं नाव त्यातही आलं. खाली स्वतःहून एक ओळ घातली की हे अडतीस हजार ज्याचे असतील त्यास परत करावेत, माझी हरकत नाही. कागद ईमेलनं गेले. तिकडच्या अधिकाऱ्याच्या सांगण्यावरून तो भंडाऱ्याच्या सायबर ठाण्यात जबाबही देऊन आला. तिथल्या हवालदारानं चहा पाजला, हे त्याला फार मोठं वाटलं. मग वाट बघणं. रोज सकाळी फोनवर खातं बघायचं, रोज तेच. आनंदाबाईनं अर्धं सामान बांधलं आणि पुन्हा सोडलं, कारण पातेली तरी लागतातच स्वयंपाकाला. भैय्यालालचा फोन आला की टिकाराम अंगणाच्या टोकाला जाऊन बोलायचा.

एकोणीस तारखेला तपास अधिकाऱ्याचा फोन आला. हिंदीत बोलत होता. अर्ज मिळाला, जबाब मिळाला, दोन-चार प्रश्न विचारले. टिकारामनं धीर करून विचारलं, "साहब, पैसा किसका था?"

"एक रिटायर्ड नर्स का है। अकेली रहती हैं। दो दिन वीडियो कॉल पर बैठाकर रखा, बोले आप पर केस है। सोने तक नहीं दिया। ग्यारह लाख गए।" थोडं थांबून तो म्हणाला, "ग्रॅच्युइटी का पैसा था।"

फोन ठेवल्यावर टिकाराम क्वार्टरच्या पायरीवर बसला. दोन हजार मोजताना तो बोट ओलं करतो, ही त्याची जुनी खोड. ते अडतीस हजारही त्यानं तसेच बोट ओलं करून मोजले होते. त्या बाईची जन्मभराची रात्रपाळी मोजत होतो आपण, आणि आपल्याला कळलं नाही. आनंदाबाई काय झालं म्हणून विचारत राहिली.

पंचवीस तारखेला रेणू मॅडमचा फोन आला. ठाण्याचं पत्र मुख्य कार्यालयाला पोहोचलं होतं. अडतीस हजार अडवलेलेच राहतील, कोर्टाच्या हुकुमानं ते त्या बाईला जातील. बाकी खातं उघडलं. "काका, आता या. आणि त्याच गाडीनं या," ती म्हणाली. टिकारामला हसूही आलं आणि रडूही. एकोणतीस तारखेला रजिस्ट्री झाली. भैय्यालालनं पेढा दिला आणि म्हणाला, "मले वाटलंच नोतं."

राधाबाईचं खातं अजून सुटलं नव्हतं. तिकडचं ठाणं उत्तर देत नव्हतं. मॅडमनं तिचा अर्ज तक्रार निवारण अधिकाऱ्याकडं पाठवला होता. तोवर टिकारामनं बहिणीला शहापूरला आणलं. घर लहान, पण तिघांना पुरत होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी चंद्रकुमार तिथं येऊन धडकला. हातात नोटीस होती, तिकडच्या ठाण्यात चौकशीला हजर राहण्याची. डोळे लाल. आत कोण आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. आई बाहेरगावी गेलीय, एवढंच त्याला शेजाऱ्यांनी सांगितलं होतं. टिकाराम उठून उभा राहिला, पण पाया पडायला वाकला नाही.

"मामा, तुमी असं काहून केलं? सख्ख्या भाच्याचं नाव देल्लं? घरासाठी देल्लं ना? ह्या दोन खोल्यांसाठी!"

आनंदाबाई दारात थिजून उभी.

"आता एक करा," चंद्रकुमारचा आवाज खाली आला, तो रडायलाच लागला. "आमच्या मायले कळू देऊ नोका. तिले कळलं का तिच्याच भावानं नाव देल्लं, तं ते मरून जाईन."

आतल्या खोलीतून राधाबाई बाहेर आली. पदर डोक्यावर, हाताला कणीक. पोराकडं तिनं नीट बघितलं. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा बघत असावी तसं.

"मामानं मागून लिवलं," ती म्हणाली. "पयलं नाव मी देल्लं."

चंद्रकुमारच्या हातातून नोटीस गळली.

राधाबाईनं वाकून तो कागद उचलला, कणकेचा हात लागू नये म्हणून दोन बोटांत धरला आणि त्याच्या खिशात घातला. "सकाळची गाडी किती वाजता हाये, विचारून ठेव मामाले," ती म्हणाली. "मी येतो तुयासंगं. आता हात धू अन् जेवाले बस."